ठेव, व्याज आणि विमा: बँक क्लार्क परीक्षेच्या नोट्स प्रश्नप्रकारांनुसार

प्रश्न: मॅडम, मी डिचोलीची. बीकॉम झालं. बँक क्लार्कची प्रिलिम्स निघते, मेन्सला राहते. बँकिंग अवेअरनेसच्या वह्या भरल्यात, चक्रवाढ व्याजाची सूत्रं पाठ आहेत, तरी पेपरात दोन पर्यायांत अडकते आणि नेमका चुकीचा निवडते. सगळे म्हणतात नोट्स प्रश्नप्रकाराप्रमाणे कर. पण म्हणजे पानावर नक्की काय लिहायचं?

उत्तर: एका प्रश्नप्रकाराला एक पान दे. त्या पानावर चार गोष्टी लिही: प्रश्न कुठल्या शब्दावरून ओळखायचा, हातात पेन घेतल्यावर पहिली कृती कुठली, एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण, आणि चुकीचे पर्याय कुठून आलेत. चौथी गोष्ट बहुतेक मुलांच्या वहीत नसते, आणि दोन पर्यायांत अडकायला होतं ते त्यामुळेच. पेपर काढणारा चुकीचे पर्याय डोळे मिटून टाकत नाही. मुलं कुठे घसरतात हे त्याला ठाऊक असतं. घसरल्यावर जे उत्तर येतं तेच तो पर्यायात ठेवतो. म्हणून तुझं उत्तर पर्यायात सापडलं एवढ्यावरून ते बरोबर आहे असं धरू नकोस.

मी बँकेत काम करते आणि संध्याकाळी मुलांना शिकवते. सगळा अभ्यासक्रम एका उत्तरात मावणार नाही, म्हणून एकच पट्टा घेते: ठेव आणि तिच्यावरचं व्याज. गणिताचा पेपर आणि बँकिंगचा पेपर इथे एकमेकांना भेटतात. हा पट्टा नीट झाला की बाकीची पानं कशी लिहायची ते तुझं तुला कळेल.

सरळ आणि चक्रवाढ व्याजातला फरक

ओळखायचा शब्द: 'फरक'. दोन वर्षांचं सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांतला फरक अमुक रुपये, तर मुद्दल किती?

सूत्र तुला पाठ आहे, पण ते क्षणभर विसर आणि फरक येतो कुठून ते बघ. दहा हजार रुपये दहा टक्क्यांनी ठेवले. पहिल्या वर्षी दोन्हीकडे हजार रुपयेच मिळतात. दुसऱ्या वर्षी सरळ व्याजात पुन्हा हजार, चक्रवाढीत अकराशे. हे वरचे शंभर म्हणजे पहिल्या वर्षीच्या हजार रुपये व्याजावरचं एका वर्षाचं व्याज. दोन वर्षांच्या फरकात याशिवाय दुसरं काही नसतं. म्हणून पहिली कृती ठरलेली: दराचा दर काढायचा. दर ८ टक्के असेल तर ८ टक्क्यांचे ८ टक्के, म्हणजे मुद्दलाचे ०.६४ टक्के.

आता प्रश्न घेऊ. दर ८ टक्के, दोन वर्षं, फरक १२८ रुपये. ०.६४ टक्के म्हणजे १२८, तर १ टक्का म्हणजे २००, आणि मुद्दल २०,०००. कागदावर दोन ओळी पुरतात. प्रिलिम्सला गणिताचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम अर्धं मिनिट. सूत्र लिहून, त्यात आकडे घालून, छेद पलटवत बसायला तिथे वेळ नसतो.

तीन वर्षांसाठी हीच गोष्ट एक वर्ष पुढे ने. त्याच दहा हजारांवर चक्रवाढीने १०००, ११०० आणि १२१० मिळतात. सरळ व्याजापेक्षा दुसऱ्या वर्षी १०० जास्त, तिसऱ्या वर्षी २१० जास्त. एकूण फरक ३१०, म्हणजे मुद्दलाचे ३.१ टक्के. नेहमी येणाऱ्या दरांचे हे टक्के पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेव: ५ टक्क्यांना दोन वर्षांचा फरक ०.२५ आणि तीन वर्षांचा ०.७६२५; १० टक्क्यांना १ आणि ३.१, २० टक्क्यांना ४ आणि १२.८. एकदा स्वतः काढून पाहिलेस की पाठ करावे लागत नाहीत.

आता चौथी गोष्ट, फसवा पर्याय. या प्रकारातला सगळ्यात जास्त मुलांना पकडणारा शब्द आहे 'सहामाही'. प्रश्न असा: द.सा.द.शे. १२ दराने, व्याज सहामाही चक्रवाढ, एका वर्षाच्या सरळ आणि चक्रवाढ व्याजातला फरक ९० रुपये, तर मुद्दल किती? इथे एका वर्षात दोन कालखंड आहेत आणि प्रत्येकाचा दर ६ टक्के. ६ टक्क्यांचे ६ टक्के म्हणजे ०.३६ टक्के. ०.३६ टक्के म्हणजे ९०, तर मुद्दल २५,०००. घाईत असलेली मुलगी दोन कालखंड धरते, पण दर १२ च ठेवते. तिला १.४४ टक्के म्हणजे ९० असं मिळतं आणि मुद्दल येतं ६,२५०. आकडा अगदी गोल, शंका येण्यासारखं त्यात काही नाही. पर्यायांत ६,२५० असणार असं धरूनच चाल. म्हणून पानावर लिही: 'सहामाही दिसलं की आधी दर अर्धा, मग कालखंड दुप्पट. ६,२५० कुठून येतो ते आठव.'

तिमाही आलं तरी रीत तीच: दराचा चौथा भाग, कालखंड चौपट. बँकांमध्ये मुदत ठेवीवर व्याज साधारणपणे तिमाही चक्रवाढीने धरतात, त्यामुळे हा प्रकार परीक्षेत जितका भेटतो तितकाच पुढे काउंटरवरही भेटेल. ८ टक्के तिमाही म्हणजे दर तिमाहीला २ टक्के, आणि चार तिमाहींनंतर शंभराचे १०८.२४ होतात. प्रभावी दर ८.२४. पर्यायांत ८.१६ दिसेल. तो सहामाहीने काढलेला आहे. मात्र परीक्षेत प्रश्नाचे शब्द पाळायचे. 'वार्षिक चक्रवाढ' म्हटलं असेल तर बँकेत काय करतात ते तिथे आणू नकोस.

दोन वेळची रास दिली आहे

ओळखायचा शब्द: 'इतक्या वर्षांत अमुक होते, आणि इतक्या वर्षांत तमुक'. मुद्दलही दिलेलं नाही, दरही नाही.

इथे पहिली कृती म्हणजे व्याज सरळ आहे की चक्रवाढ त्याखाली रेघ मारायची. हे शोभेसाठी सांगत नाही, पुढचं सगळं गणित त्या एका शब्दावर वळतं. सरळ व्याजात दोन राशींची वजाबाकी करायची, चक्रवाढीत भागाकार.

सरळचं उदाहरण: एक रक्कम २ वर्षांत ११,६०० आणि ५ वर्षांत १४,००० होते. मधल्या तीन वर्षांचं व्याज २,४००, एका वर्षाचं ८००. दोन वर्षांचे १,६०० काढून टाक, मुद्दल १०,०००, दर ८ टक्के.

चक्रवाढीचं उदाहरण: रक्कम २ वर्षांत ९,६८० आणि ३ वर्षांत १०,६४८ होते. तिसऱ्या वर्षाचं व्याज ९६८, आणि ते ९,६८० वर मिळालेलं आहे. म्हणजे दर १० टक्के. ९,६८० ला १.२१ ने भाग, मुद्दल ८,०००.

हेच दुसरं उदाहरण सरळ व्याज समजून सोडवून बघ. वर्षाचं व्याज ९६८, दोन वर्षांचं १,९३६, मुद्दल ७,७४४. दर काढलास तर बरोबर साडेबारा टक्के. नेहमीच्या पाढ्यातला दर. असा आकडा हाती आला की मन लगेच निवांत होतं, आणि तो पर्याय ठेवणाऱ्याला हेच हवं असतं. फसवा पर्याय ओबडधोबड असता तर कुणी फसलंच नसतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दोन्ही मार्गांनी सोडवायला लावते, आणि पानाच्या डाव्या बाजूला बरोबर गणित, उजव्या बाजूला चुकीचं गणित शेवटच्या उत्तरापर्यंत पूर्ण लिहायला सांगते. चुकीचं गणित हाताने पूर्ण केलं की पुढच्या वेळी तो रस्ता लगेच ओळखू येतो.

'दुप्पट-चौपट' हा याचाच धाकटा भाऊ. सरळ व्याजाने रक्कम ८ वर्षांत दुप्पट होते, म्हणजे ८ वर्षांत मुद्दलाइतकं व्याज. चौपट व्हायला तिप्पट व्याज हवं, म्हणून २४ वर्षं. चक्रवाढीने ८ वर्षांत दुप्पट, तर पुढच्या ८ वर्षांत दुपटीची दुप्पट, म्हणून १६. पर्यायांत १६ आणि २४ दोन्ही असतात, ३२ सुद्धा असतो. पुन्हा त्याच एका शब्दाखाली रेघ.

टक्का आणि बेसिस पॉइंट

हा प्रकार अवेअरनेसमध्ये येतो आणि गणितातही. ७ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्के केला. प्रश्न: किती बेसिस पॉइंटनी? एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग, म्हणून २५. फसवे पर्याय २.५ आणि ०.२५. पण गणिताच्या पेपरात हाच आकडा देऊन 'दरात शेकडा किती घट झाली' असं विचारलं, तर उत्तर वेगळं. घट ०.२५ आहे, पाया ६.५० आहे, म्हणून सुमारे ३.८५ टक्के. पाया ६.२५ धरलास तर बरोबर ४ येतात, आणि तो ४ पर्यायात तयार असतो. 'घट' किंवा 'वाढ' वाचलं की आधी कुठल्या आकड्यावरून, हे लिहायचं. डेटा इंटरप्रिटेशनच्या तक्त्यांत जाणारे बरेचसे गुण याच एका पायाच्या चुकीने जातात.

सीआरआरची व्याख्या पाठ करण्यापेक्षा तिचं गणित एकदा कर. बँकेला आपल्या एकूण मागणी आणि मुदत देण्यांचा ठरावीक भाग रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो, आणि त्यावर तिला व्याज मिळत नाही. तो सीआरआर. डिसेंबर २०२४ मध्ये तो साडेचारवरून चार टक्क्यांवर आणला, आणि त्यामुळे सुमारे १.१६ लाख कोटी रुपये बँकांच्या हाती मोकळे होतील असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं. आता उलट जा: अर्धा टक्का म्हणजे १.१६ लाख कोटी, तर पूर्ण देणी २३२ लाख कोटींच्या आसपास. हे एकदा स्वतः काढलंस की सीआरआर कशावर मोजतात हे पुन्हा विसरणार नाहीस. प्रश्नांत त्याची सांगड एसएलआरशी घातलेली असते. सीआरआर रोख, आणि रिझर्व्ह बँकेकडे. एसएलआर रोख, सोनं किंवा मान्य रोख्यांत, आणि बँकेच्या स्वतःजवळ. सीआरआरचं मूळ १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यात, एसएलआरचं १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यात. फसवा पर्याय हे दोन कायदे उलटे लावून देतो.

ठेव विमा

या पानावर जास्त वेळ दे. गोव्यात राहणाऱ्या मुलीला हा प्रकार पुस्तकापुरता राहत नाही. म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना एप्रिल २०२० मध्ये रद्द झाला, मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये. तुझ्या नात्यागोत्यात कुणी ना कुणी तेव्हा विम्याच्या पैशांचा अर्ज भरला असेल. त्यांना विचारलंस तर अर्धं पान तिथेच लिहून होईल.

पाया असा. ठेव विमा देते डीआयसीजीसी, म्हणजे ठेव विमा आणि पत हमी महामंडळ. ती पूर्णपणे रिझर्व्ह बँकेच्या मालकीची आहे. दर ठेवीदाराला दर बँकेमागे ५ लाखांपर्यंत संरक्षण, मुद्दल आणि व्याज दोन्ही धरून. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी ती १ लाख होती. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून तो घेता येत नाही. व्यापारी बँका, ग्रामीण बँका, स्मॉल फायनान्स बँका, पेमेंट बँका आणि सहकारी बँका यात येतात. प्राथमिक सहकारी संस्था येत नाहीत, म्हणजे आपल्या गावातल्या पतसंस्थेत ठेवलेले पैसे या विम्याखाली नाहीत. हा प्रश्न 'खालीलपैकी कुठल्या संस्थेतील ठेवींना विमा नाही' असा येतो.

एवढं सगळ्यांना पाठ असतं. गुण जातात ते पुढे, कारण प्रश्न आकडे देऊन येतो. एक उदाहरण पूर्ण सोडवू.

एका बाईचं एकाच बँकेत असं आहे: म्हापसा शाखेत बचत खात्यात १.५ लाख. पणजी शाखेत स्वतःच्या नावावर मुदत ठेव ४ लाख, त्यावर जमा झालेलं व्याज २० हजार. नवऱ्यासोबत संयुक्त खात्यात ३ लाख. आणि लहान मुलाची पालक म्हणून ठेवलेले २ लाख. बँकेचा परवाना रद्द झाला. विम्यातून किती मिळतील?

इथे ओळखायचे शब्द दोन: 'एकाच बँकेत' आणि 'कुठल्या नात्याने'. कायद्यातले शब्द समान क्षमता आणि समान हक्क असे आहेत. पहिली कृती म्हणजे शाखा विसरायच्या आणि नावांप्रमाणे गठ्ठे करायचे. तिच्या एकटीच्या नावाचा गठ्ठा: १.५ अधिक ४ अधिक ०.२, एकूण ५.७ लाख. यातले ५ लाख मिळतील, ७० हजार विम्याबाहेर. संयुक्त खातं वेगळ्या हक्काने धरलेलं, म्हणून त्याची ५ लाखांची मर्यादा वेगळी, आणि ३ लाख पूर्ण मिळतील. पालक म्हणून ठेवलेले २ लाख पुन्हा वेगळे, तेही पूर्ण. एकूण १० लाख.

आता चुकीचे पर्याय बघ. शाखेप्रमाणे मोजलं तर सगळेच पैसे संरक्षित वाटतात आणि १०.७ लाख येतात. 'एका माणसाला पाच लाख' एवढंच पाठ असेल तर उत्तर ५ लाख. व्याज धरायचं विसरलं तरी इथे उत्तर १० लाखच येतं, कारण ५.५ लाखही मर्यादेच्या वरच आहेत. म्हणून या उदाहरणावरून तुला व्याजाचा नियम कळला की नाही ते समजणार नाही. ते तपासायला बचत खात्यात १.५ ऐवजी ०.९ लाख घाल: व्याजाशिवाय ४.९, व्याजासह ५.१. इथे १० हजारांचा फरक पडतो आणि प्रश्नाला धार येते. असे आकडे स्वतः बदलून बघायची सवय लाव.

संयुक्त खात्यांत आणखी एक खोच आहे. दोन संयुक्त खात्यांत नावं तीच आणि क्रमही तोच असेल, तर दोन्ही एकत्र धरतात. एकात पहिलं नाव बायकोचं आणि दुसऱ्यात नवऱ्याचं असेल, तर ती वेगळ्या हक्काची मानतात. आणि ठेवीदाराचं त्याच बँकेत कर्ज असेल तर बँक ते ठेवीतून वळतं करू शकते. विमा उरलेल्या रकमेवर मोजतात.

२०२१ च्या दुरुस्तीवरही प्रश्न येतो. पूर्वी विम्याचे पैसे बँकेचा परवाना जाऊन ती अवसायनात निघाल्यावर मिळत. आता रिझर्व्ह बँकेने व्यवहारांवर निर्बंध घातल्यावरही ९० दिवसांत मिळायची तरतूद आहे: पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यायची, पुढच्या ४५ दिवसांत महामंडळाने पडताळून पैसे द्यायचे. पर्यायांत ४५ आणि ९० दोन्ही असतील. यादीचे दिवस विचारलेत की एकूण, ते वाचायचं.

चेकचं पान

घरातलं चेकबुक घे आणि एक चेक समोर ठेव. खालच्या पांढऱ्या पट्टीवर आधी ६ अंकी चेक क्रमांक, मग ९ अंकी एमआयसीआर कोड. त्याचे तीन-तीन अंकांचे तीन तुकडे पडतात: शहर, बँक, शाखा. आपल्याकडच्या शाखेचा चेक असेल तर पहिले तीन अंक बहुधा ४०३ दिसतील, आपल्या पिनकोडचेच. वर छापलेला आयएफएससी ११ अक्षरांचा: पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. प्रश्न नेहमी 'कितवा अंक काय दाखवतो' असा असतो. चेक समोर ठेवून एकदा पेन्सिलीने तुकडे पाडलेस की पाठांतराची गरज उरत नाही.

चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून ३ महिने, १ एप्रिल २०१२ पासून. आधी सहा महिने होती, म्हणून सहा हा फसवा पर्याय. चेक न वटल्यास १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागतं. त्यातल्या मुदती एका ओळीत, घडण्याच्या क्रमाने लिही: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. यांतला दुसरा आकडा पहिल्याच्या जागी टाकून पर्याय बनवतात, म्हणून क्रम मोडू देऊ नकोस.

रक्कम पाठवण्याच्या पद्धतींना पाऊण पान पुरे. आरटीजीएसला किमान २ लाख, एनईएफटीला किमान मर्यादा नाही, आयएमपीएसला कमाल ५ लाख. एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाने तुकड्यांत चालते, दिवसाला ४८. आरटीजीएस एकेक व्यवहार लगेच पूर्ण करते. दोन्ही आता चोवीस तास: एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून, आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून. 'किमान' आणि 'कमाल' हे शब्द लाल पेनाने लिही.

पेपरात या पानांचा उपयोग

आता तुझी मूळ अडचण, दोन पर्यायांची. या परीक्षेत पाच पर्याय असतात आणि चुकीला प्रश्नाच्या गुणांचा चौथा भाग कापतात. काहीच न कळता ठोकलंस तर पाचात एकदा १ गुण मिळतो आणि चारदा पाव पाव जातो, म्हणजे हिशेब शून्यावर येतो. एक पर्याय खात्रीने बाद केला तर उरलेल्या चारांत एकदा १ मिळतो, तीनदा पाव जातो: चार प्रश्नांत निव्वळ पाव गुण हाती. दोनच पर्याय उरले तर दोन प्रश्नांत निव्वळ पाऊण गुण. म्हणजे दोन उरले असताना प्रश्न सोडून देणं नुकसानीचं आहे. पण ही आकडेमोड एका अटीवर उभी आहे: दोन्ही पर्याय तुला सारखेच संभाव्य वाटायला हवेत. तू म्हणतेस की नेमका चुकीचाच निवडतेस. तेव्हा तुझा कल फसव्या पर्यायाकडे असतो आणि हा हिशेब तुला लागू पडत नाही. म्हणून दोन उरले की 'कुठलं बरोबर वाटतं' असं स्वतःला विचारू नकोस. 'यांतलं कुठलं उत्तर कुठल्या चुकीने येईल' असं विचार. ज्याची चूक सांगता आली तो पर्याय खोड.

सराव-पेपर तपासतानाही हेच कर. चुकलेल्या प्रश्नापुढे बरोबर उत्तर लिहून पुढे जाऊ नकोस. तू निवडलेला पर्याय कुठल्या चुकीने येतो ते काढ आणि त्या प्रकाराच्या पानावर नोंदव. पान लागलं की नाही ते असं कळतं: नवा प्रश्न पर्याय झाकून सोडव, आणि झाकण काढायच्या आधी एक फसवा पर्याय स्वतः लिही. तो पर्यायांत निघाला तर ते पान पक्कं झालं. तीन-चार वेळा निघाला नाही, तर तुझ्या पानावर चौथी गोष्ट अपुरी आहे.

बदलणारे आकडे शाईने लिहू नकोस. रेपो, सीआरआर, एसएलआर, व्यवहारांच्या मर्यादा हे सगळं पेन्सिलीने, आणि शेजारी तारीख. वरचे ६.२५ आणि ४ हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. त्यानंतर दोन्ही दर आणखी खाली आले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक साधारण दर दोन महिन्यांनी होते, तेवढ्या वेळा ते एक पान उघडायचं. मेन्सची प्रश्नसंख्या आणि वेळही २०२५ मध्ये बदलली, म्हणून जुन्या पुस्तकातला तक्ता न धरता या वर्षीची जाहिरात उघडून वेळेचा हिशेब कर. सुरुवात ठेव विम्याच्या पानापासून कर, आणि त्यातलं उदाहरण तुमच्याच घरातल्या खात्यांचे आकडे घालून सोडव.